लंबवर्तुळात मावणारा सर्वांत मोठा आयत: ४५ अंश नेमके कुठे मोजायचे?

कलन शिकायला लागलं की महत्तम-लघुत्तमच्या धड्यात हे गणित हमखास भेटतं: दिलेल्या लंबवर्तुळात आयत असा काढा की त्याचे चारही कोपरे वक्रावर असतील आणि क्षेत्रफळ जास्तीत जास्त असेल. उत्तर लहान आहे. क्षेत्रफळ 2ab येतं आणि ते θ = ४५ अंशाला येतं. वहीत एवढं लिहून मुलं पुढच्या गणिताकडे वळतात.

माझ्याकडे शिकायला येणाऱ्या एका मुलीने मात्र हेच उत्तर पुठ्ठ्यावर करून पाहायचं ठरवलं. ५० सेंमी लांब आणि ३० सेंमी रुंद लंबवर्तुळ कापलं, कोनमापक केंद्रावर ठेवून ४५ अंशाची रेघ मारली, रेघ जिथे कडेला भिडली तो कोपरा धरला आणि आयत पूर्ण केला. मोजल्यावर क्षेत्रफळ सूत्रापेक्षा बरंच कमी भरलं, आणि आयत तर चक्क चौरस निघाला. ती दोन दिवस गणितात चूक शोधत होती. गणितात चूक नव्हतीच, चूक होती ती कोनमापक ठेवण्यात. हा लेख तिच्या त्या पुठ्ठ्याभोवतीच फिरणार आहे, कारण θ म्हणजे काय हे ज्याला नीट कळलं त्याला बाकीचं गणित चार ओळींचं आहे.

मांडणी

लंबवर्तुळाचं (पुस्तकांत याला विवृत्तही म्हणतात) केंद्र आरंभबिंदूवर ठेवू, लांबीकडचा अक्ष x-अक्षावर आणि रुंदीकडचा y-अक्षावर. समीकरण असं:

```
x²/a² + y²/b² = 1
```

इथे a म्हणजे पूर्ण लांबीच्या निम्मं आणि b म्हणजे पूर्ण रुंदीच्या निम्मं. आपल्या पुठ्ठ्यासाठी a = २५ आणि b = १५. इथेच पहिली घसरगुंडी आहे. ५० आणि ३० हेच a, b म्हणून भरले तर शेवटचं उत्तर चौपट येतं, आणि ते लंबवर्तुळाच्या स्वतःच्या क्षेत्रफळापेक्षाही मोठं निघतं. लंबवर्तुळाचं क्षेत्रफळ πab, म्हणजे आपल्याकडे साधारण ११७८ चौ. सेंमी. आतला आयत यापेक्षा मोठा आला तर पुढे जाऊच नये, निम्मं करायचं राहून गेलेलं असतं.

आयत तिरका का नसतो

पुस्तकं बहुतेक वेळा सरळ म्हणून टाकतात, "आयताच्या बाजू अक्षांना समांतर धरू." नवख्या माणसाच्या मनात लगेच येतं की तिरका ठेवला तर मोठा नाही का मिळणार? शंका रास्त आहे, म्हणून तिचं उत्तर आधीच देऊन टाकतो.

लंबवर्तुळात एका ठरावीक दिशेला समांतर अशा जीवा काढत जा. केंद्रातून जाणारी जीवा सर्वांत लांब असते आणि तिथून दोन्ही बाजूंना सरकत गेलं की जीवा आखूड होत जातात. म्हणून एका दिशेला सारख्या लांबीच्या जास्तीत जास्त दोन जीवा सापडतात, आणि त्या केंद्राच्या समोरासमोर असतात: केंद्राभोवती अर्धा फेरा फिरवला की एक दुसरीवर जाऊन बसते. आयताच्या समोरासमोरच्या बाजू अशाच दोन जीवा आहेत. तेव्हा आयताचे कर्ण लंबवर्तुळाच्या केंद्रातच छेदतात.

आता आयताचे कर्ण सारखे असतात, म्हणजे चारही कोपरे केंद्रापासून एकाच अंतरावर आले. ते अंतर r धरलं तर प्रत्येक कोपरा x² + y² = r² हेही समीकरण पाळतो आणि लंबवर्तुळाचंही. या दोन समीकरणांत x² आणि y² ही अज्ञातं मानली तर a आणि b वेगळे असताना उत्तर एकच मिळतं. म्हणून कोपरे (x, y), (−x, y), (−x, −y), (x, −y) असेच असणार. बाजू आपोआप अक्षांना समांतर झाल्या. कोपरे वक्रावर टेकलेला तिरका आयत लंबवर्तुळात बसतच नाही. वर्तुळात मात्र बसतो, कारण तिथे a आणि b सारखे असल्याने ती दोन समीकरणं एकच होऊन जातात.

कोपरा कोनाने धरायचा

पहिल्या चरणातला कोपरा (x, y) कळला की आयत कळला: लांबी 2x, रुंदी 2y, क्षेत्रफळ 4xy. अडचण अशी की x आणि y मोकळे नाहीत, लंबवर्तुळाने त्यांना एकमेकांना बांधून ठेवलंय. एक वाढवला की दुसरा घटतो.

y काढून टाकून सगळं x मध्ये लिहिता येतं. तसं केलं तर हाती हे येतं:

```
A = 4 (b/a) x √(a² − x²)
```

याचं विकलन जमतं, पण वर्गमुळामुळे गुणाकाराचा नियम आणि साखळी नियम दोन्ही वापरावे लागतात आणि चिन्हांच्या चुका इथेच होतात. त्यापेक्षा x आणि y या दोघांनाही तिसऱ्याच एका चलावर सोपवणं सोयीचं. cos²θ + sin²θ = 1 हे सूत्र लंबवर्तुळाच्या समीकरणाशी ताडून पाहा. x/a च्या जागी cosθ आणि y/b च्या जागी sinθ ठेवलं की समीकरण कायमचं पाळलं जातं:

```
x = a cosθ
y = b sinθ
```

आता θ कुठलाही घ्या, बिंदू वक्रावरच राहणार. बंधन आपण वेगळं सांभाळायची गरजच उरली नाही. θ ला प्रचल म्हणतात, बोलताना सगळे पॅरामीटरच म्हणतात. पहिल्या चरणात राहायचं म्हणून θ ० ते ९० अंशांच्या दरम्यान. ० अंशाला बिंदू (a, 0) वर असतो, ९० अंशाला (0, b) वर.

क्षेत्रफळ आणि त्याचं विकलन

क्षेत्रफळात हे भरू:

```
A(θ) = 4 · a cosθ · b sinθ
     = 2ab · (2 sinθ cosθ)
     = 2ab sin2θ
```

दुसऱ्या ओळीत ४ चे २ गुणिले २ केले ते मुद्दाम, कारण 2 sinθ cosθ म्हणजे sin2θ. ही पायरी गाळून थेट sinθ cosθ च्या गुणाकाराचं विकलन केलं तरी उत्तर येतं, पण sin2θ च्या रूपात चित्र स्वच्छ दिसतं. a आणि b फक्त बाहेर गुणक म्हणून उभे आहेत, आणि θ चा सगळा खेळ sin2θ मध्ये आहे. म्हणजे कमाल कुठल्या θ ला येणार याचा लंबवर्तुळाच्या लांबी-रुंदीशी संबंधच नाही.

आता विकलज:

```
dA/dθ = 4ab cos2θ
```

हा शून्य केला की cos2θ = 0, म्हणून 2θ = π/2, θ = π/4. हेच ते ४५ अंश. दुसरा विकलज −8ab sin2θ, आणि θ = π/4 ला तो −8ab, म्हणजे ऋण. तेव्हा इथे शिखर आहे. मला मात्र दुसऱ्या विकलजापेक्षा टोकं तपासणं जास्त भरवशाचं वाटतं. θ = ० ला आयताची उंची शून्य, θ = ९० अंशाला लांबी शून्य, दोन्हीकडे क्षेत्रफळ शून्य. मध्ये ते धन आहे आणि विकलज एकदाच शून्य होतो. मग तो एकमेव बिंदू कमालच असणार, दुसरं काही असूच शकत नाही.

कुणी θ ला मोकळं सोडून पूर्ण फेरा घेतला तर cos2θ = 0 ची उत्तरं चार येतात: ४५, १३५, २२५, ३१५ अंश. १३५ ला सूत्रातून क्षेत्रफळ −2ab निघतं आणि मुलं गोंधळतात. तिथे x ऋण झालेला असतो, एवढंच. आयत तोच आहे, आपण तो दुसऱ्या कोपऱ्यावरून पाहतोय. सुरुवातीला θ पहिल्या चरणापुरता बांधून घेतला असता तर हा प्रश्नच आला नसता.

शेवटी मोजमापं:

```
x = a/√2,  y = b/√2
लांबी = a√2,  रुंदी = b√2
क्षेत्रफळ = 2ab
```

पुठ्ठ्यासाठी कोपरा (१७.६८, १०.६१), लांबी ३५.३६ सेंमी, रुंदी २१.२१ सेंमी, क्षेत्रफळ ७५० चौ. सेंमी. आयताची लांबी-रुंदी लंबवर्तुळाच्या लांबी-रुंदीच्याच प्रमाणात आहे, आपल्याकडे ५ : ३. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे एका चुकीचा माग काढायला ती लागणार आहे. आणि आयताने लंबवर्तुळाचा किती भाग व्यापला? 2ab भागिले πab, म्हणजे 2/π, जवळजवळ ६३.७ टक्के. लंबवर्तुळ कितीही चपटं असो वा गोल, हे प्रमाण बदलत नाही.

मग तो ४५ अंश चित्रात कुठे आहे?

कोपरा (१७.६८, १०.६१) आरंभबिंदूला जोडून कोनमापकाने मोजा. tan काढला तर १०.६१ भागिले १७.६८, म्हणजे ०.६, आणि कोन ३०.९६ अंश. ४५ नव्हे.

केंद्रातून कोपऱ्याकडे जाणाऱ्या रेषेचा x-अक्षाशी खरोखरीचा कोन φ म्हटला तर

```
tanφ = y/x = (b/a) tanθ
```

a आणि b सारखे असतील तेव्हाच φ आणि θ एक होतात. लंबवर्तुळ जितकं चपटं, तितका φ हा θ पासून दूर. मग θ कुठे दिसतो? तो दिसतो बाहेरच्या वर्तुळावर. केंद्र तेच ठेवून a त्रिज्येचं वर्तुळ काढा, याला साहाय्यक वर्तुळ म्हणतात. त्या वर्तुळावर θ कोनाला असलेला बिंदू (a cosθ, a sinθ). तो सरळ खाली आणत जा, x तसाच ठेवून उंची b/a पटीने कमी करा, की लंबवर्तुळावरचा आपला बिंदू मिळतो. θ ला म्हणूनच उत्केंद्र कोन असं वेगळं नाव आहे. ग्रहांच्या कक्षा लंबवर्तुळाकार आहेत हे १६०९ साली मांडताना केप्लरने ग्रहाची जागा सांगायला हाच कोन वापरला होता. सूर्यापासून किंवा कक्षेच्या केंद्रापासून थेट ग्रहाकडे मोजलेला कोन हिशेबाला अवघड जातो, बाहेरच्या वर्तुळावरचा कोन सोपा जातो.

कागदावर करायचं तर असं करा. एकाच केंद्राभोवती दोन वर्तुळं काढा, एक २५ सेंमी त्रिज्येचं, एक १५ चं. केंद्रातून ४५ अंशाची रेघ मारा, ती दोन्ही वर्तुळांना छेदेल. बाहेरच्या वर्तुळावरच्या छेदबिंदूतून उभी रेघ खाली आणा, आतल्या वर्तुळावरच्या छेदबिंदूतून आडवी रेघ बाहेर न्या. दोन रेघा जिथे भेटतात तो सर्वांत मोठ्या आयताचा कोपरा. उभ्या रेघेने a cosθ दिला, आडव्या रेघेने b sinθ दिला. भूमितीय रेखाटन शिकलेल्यांना ही रीत ओळखीची वाटेल, समकेंद्री वर्तुळांनी लंबवर्तुळ काढतात ती हीच.

त्या मुलीने काय केलं होतं ते आता मोजता येईल. तिने φ = ४५ अंश घेतला. तिथे x आणि y सारखे, म्हणून चौरस. समीकरणात भरलं तर x = १२.८६ आणि क्षेत्रफळ ६६१.८ चौ. सेंमी. म्हणजे ७५० पैकी ८८ चौ. सेंमी गमावले, जवळपास १२ टक्के. त्या कोपऱ्याचा θ काढला तर tanθ = 5/3, म्हणजे ५९ अंशांहून किंचित जास्त. ती शिखर ओलांडून चौदा अंश पुढे गेली होती.

बाहेरच्या वर्तुळाचा आणखी एक उपयोग आहे, तो मला सगळ्यांत आवडतो. वर्तुळाला उभ्या दिशेने b/a पटीने दाबलं की लंबवर्तुळ होतं, आणि आतल्या प्रत्येक आकृतीचं क्षेत्रफळ त्याच पटीने घटतं. वर्तुळात मावणाऱ्या कुठल्याही चौकोनाचे कर्ण व्यासापेक्षा लांब असू शकत नाहीत, आणि चौकोनाचं क्षेत्रफळ जास्तीत जास्त कर्णांच्या गुणाकाराच्या निम्मं असतं. म्हणून ते 2a² च्या पुढे जात नाही. दाबल्यावर ही मर्यादा 2a² गुणिले b/a, म्हणजे 2ab होते. विकलन न करताच उत्तर पडताळलं गेलं, आणि वर हेही कळलं की आयतच कशाला, लंबवर्तुळातला कुठलाही चौकोन 2ab पेक्षा मोठा नसतो. तिरक्या आयताची, कडेला न टेकलेल्या आयताची उरलीसुरली शंकाही इथे संपते.

कॅल्क्युलेटरने फसवलं तर

sin2θ चा विकलज 2cos2θ हा नियम θ रेडियनमध्ये असतानाच खरा आहे. कागदावर π/4 लिहिण्यात कुणाची चूक होत नाही, चूक होते ती आकडे काढताना. कॅल्क्युलेटर किंवा संगणक रेडियनवर ठेवलेला असतो आणि आपण ४५ टाकतो. पायथनमध्ये असं लिहिलं समजा:

```
from math import cos, sin, pi, radians
x = 25*cos(45)
y = 15*sin(45)
print(x, y, 4*x*y)
```

उत्तर येतं x जवळपास १३.१३, y जवळपास १२.७६, क्षेत्रफळ ६७०.५. दिसायला काहीच विचित्र नाही. दोन्ही धन, आकडा ७५० च्या आत. पडताळा म्हणून कुणी हे x, y लंबवर्तुळाच्या समीकरणात भरेल तर तेही तंतोतंत बसेल. बसणारच, कारण cos² + sin² = 1 हे कुठल्याही संख्येला खरं असतं, मग ती अंश समजा वा रेडियन. म्हणजे "बिंदू वक्रावर आहे का" हा पडताळा या चुकीपुढे आंधळा आहे.

चूक पकडते ती मघाची प्रमाणाची गोष्ट. y भागिले x हे b भागिले a एवढं, म्हणजे ०.६ यायला हवं. इथे ते ०.९७ आलं. एवढ्यावर थांबायचं आणि ४५ च्या जागी `pi/4` किंवा `radians(45)` लिहायचं.

शिखरावर काय घडतं

विकलज शून्य होतो म्हणजे नेमकं काय होतं, हे आकड्यांत एकदा पाहून घ्यावं. θ ३० अंशांवरून ३१ वर न्या. आयताची लांबी ४३.३० वरून ४२.८६ होते, म्हणजे १ टक्का घटली. रुंदी १५ वरून १५.४५ झाली, म्हणजे ३ टक्के वाढली. एक देऊन तीन मिळाले, क्षेत्रफळ वाढलं. आता ६० वरून ६१ वर जा. लांबी ३ टक्के घटली आणि रुंदी १ टक्काच वाढली. सौदा तोट्याचा. ४५ वर उभं राहून एक अंश सरकलं तर लांबी १.७६ टक्के जाते आणि रुंदी १.७३ टक्के येते, जवळजवळ बरोबरी. सरकणं आणखी बारीक करत नेलं तर ही बरोबरी पुरी होते.

हीच गोष्ट स्पर्शिकेत दिसते. टक्क्यांची घट आणि वाढ बरोबर असणं म्हणजे त्या बिंदूपाशी वक्राचा चढ −y/x असणं. आपल्या कोपऱ्यात तो −b/a आहे, आणि आयताचा दुसरा कर्ण, म्हणजे त्या कोपऱ्यातून न जाणारा, त्याचाही चढ −b/a. तेव्हा कागदावर काढलेला आयत बरोबर आहे का हे मोजपट्टीशिवाय पाहायचं असेल तर कोपऱ्यात स्पर्शिका काढा. ती दुसऱ्या कर्णाला समांतर असली की झालं. चौरसाच्या बाबतीत ती समांतर नसते, स्पर्शिका स्पष्टपणे जास्त आडवी पडलेली दिसते.

शिखर सपाट असल्यामुळे थोड्या चुकीने फार बिघडत नाही, हेही सांगितलं पाहिजे. θ एक अंश चुकला तर ७५० मधून अर्धा चौ. सेंमीसुद्धा जात नाही. पाच अंश चुकला तर ७३८.६ उरतात, म्हणजे दीड टक्का घट. त्यामुळे पुठ्ठा कापून मोजलेल्या क्षेत्रफळावरून θ उलटा शोधायला जाऊ नका. क्षेत्रफळ जवळजवळ बरोबर आलं म्हणून कोनही जवळजवळ बरोबर असेल, असं इथे म्हणता येत नाही. प्रमाण तपासा किंवा स्पर्शिका.

प्रश्न जरासा बदलला तर

θ ची मांडणी तीच ठेवून दोन प्रश्न सहज सुटतात. अर्ध्या लंबवर्तुळाच्या कमानीत, तळ लांब अक्षावर टेकवून, मोठ्यात मोठा आयत हवा असेल तर लांबी 2a cosθ आणि उंची फक्त b sinθ. क्षेत्रफळ ab sin2θ, θ पुन्हा ४५ अंश, आणि कमाल ab. इथे ४ च्या ऐवजी २ ने गुणायचं, एवढीच काळजी.

परिमिती जास्तीत जास्त हवी असेल तर मात्र कोन बदलतो:

```
P = 4(a cosθ + b sinθ)
dP/dθ = 4(−a sinθ + b cosθ) = 0
tanθ = b/a
```

कमाल परिमिती 4√(a² + b²). पुठ्ठ्यासाठी θ = ३०.९६ अंश, आयत ४२.८७ गुणिले १५.४३, परिमिती ११६.६ सेंमी. इथे एक योगायोग आहे आणि तो चांगलाच फसवतो. ३०.९६ हा आकडा आपण आधी पाहिलाय: सर्वांत मोठ्या क्षेत्रफळाच्या आयताचा कोपरा चित्रात याच कोनावर दिसतो. पण तिथे तो φ होता, इथे तो θ आहे. लांब परिमितीच्या आयताचा कोपरा चित्रात कुठे दिसेल? tanφ म्हणजे ०.६ गुणिले ०.६, ०.३६, म्हणून φ जेमतेम १९.८ अंश. वहीत नुसतं "कोन ३०.९६" असं लिहून ठेवलं तर आठवड्याने कुठला आयत ते कळणार नाही. प्रत्येक कोनाशेजारी θ की φ हे अक्षर लिहायची सवय म्हणूनच लावून घ्यावी.

या लांबोळक्या आयताचं क्षेत्रफळ काढून पाहिलं तर ते ६६१.८ चौ. सेंमी येतं. म्हणजे त्या मुलीच्या चौरसाइतकंच. दोघांचे θ ३०.९६ आणि ५९.०४, बेरीज बरोबर ९०, आणि sin2θ ला ४५ च्या दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर सारखीच किंमत असते. एक आयत ४५ च्या अलीकडे चौदा अंश थांबलेला, दुसरा पलीकडे चौदा अंश गेलेला.